विमानाच्या पंखाला लिफ्ट कशी मिळते आणि त्याची पाठ बाकदार का असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंखाविषयी आणि त्याला वर उचलणाऱ्या बलाविषयी, म्हणजे लिफ्टविषयी, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे हवेत राहू नयेत म्हणून बहुतेक उत्तरांत एकच विमान घेतलं आहे, सेस्ना १७२. चार जणांचं हे छोटं विमान भारतातल्या अनेक उड्डाण प्रशिक्षण संस्थांमध्ये वापरतात. त्याच्या '१७२ एस' या प्रकाराचं पूर्ण भरलेलं वजन ११५७ किलो, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १६.२ चौरस मीटर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी ११ मीटर. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुरे.

१. पंखाला वर नेमकं कोण ढकलतं?

पंखाखालची हवा ढकलते. हवा कशालाही ओढू शकत नाही, ती फक्त दाबू शकते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन वजनाइतका असतो. म्हणजे सेस्ना नुसतं उभं असतानाही हवा त्याच्या पंखाला खालून जवळपास १६७ टनांनी वर रेटत असते आणि वरून तितक्याच टनांनी खाली दाबत असते. दोन्ही सारखे, म्हणून काही घडत नाही.

विमान पळू लागलं की हा समतोल बिघडतो. पंखाच्या वरचा दाब थोडा उतरतो आणि खालचा किंचित चढतो. ११५७ किलो तोलायला सरासरी सुमारे ७०० पास्कलचा फरक पुरतो, आणि वातावरणाचा दाब आहे एक लाख पास्कलच्या वर. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरकावर चार माणसं हवेत राहतात. या फरकाचा मोठा वाटा, साधारण दोनतृतीयांश, वरच्या बाजूचा दाब उतरल्यामुळे येतो. पंखाच्या पाठीकडे इतकं लक्ष दिलं जातं ते यामुळेच.

२. पुस्तकात लिहिलंय की वरची वाट लांब असल्यामुळे हवा वेगाने जाते आणि मागच्या कडेला खालच्या हवेला गाठते. बरोबर ना?

नाही. या विषयात सगळ्यात जास्त पसरलेली चूक हीच, आणि ती अजूनही शिकवली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढच्या कडेला दुभंगलेले हवेचे दोन कण मागच्या कडेला पुन्हा एकाच वेळी भेटलेच पाहिजेत, असा निसर्गात कुठलाही नियम नाही.

हिशेब करून पाहा. सेस्नाच्या पंखाचा आडवा छेद 'नाका २४१२' या नावाने ओळखला जातो. त्याची वरची वाट खालच्या वाटेपेक्षा दीड-दोन टक्क्यांनीच लांब आहे. एकाच वेळी पोचण्याची गोष्ट खरी धरली तर वरची हवा दोन टक्केच जास्त वेगाने जाईल. ताशी २१६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० मीटर वेगाने उडताना त्यातून दाबात फरक पडेल जेमतेम ८० पास्कलचा. आपल्याला हवेत ७००. त्या हिशेबाने सेस्ना जमीन सोडणारच नाही.

प्रत्यक्षात वरची हवा यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने जाते. या उड्डाणात वरच्या आणि खालच्या वेगात सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपास फरक असतो. वरची हवा खालच्या हवेला गाठण्यासाठी थांबत नाही, तिच्या आधीच मागच्या कडेला पोचते. केंब्रिज विद्यापीठातले होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ मध्ये वातबोगद्यात धूर ठरावीक अंतराने तोडून सोडला आणि त्याची चित्रं घेतली. पंखावरून गेलेला धुराचा तुकडा खालच्या तुकड्याच्या स्पष्टपणे पुढे निघून गेलेला त्यांत दिसतो. ते दोन तुकडे पुढेही पुन्हा जुळत नाहीत.

३. मग वरची हवा वेगाने का जाते?

या प्रश्नाचं उत्तर बाकात आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

कुठलीही वस्तू वळणावर जाते तेव्हा तिला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलणारं बल लागतं. हवेलाही लागतं. पंखाच्या पाठीवरून जाणारी हवा त्या पाठीच्या बाकाप्रमाणे खाली वळत जाते. तिला खाली वळवणार कोण? वरची हवा. म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला, पंखापासून दूर वर, दाब जास्त हवा आणि आतल्या बाजूला, पंखालगत, तो कमी हवा. दूर वर तर नेहमीचाच वातावरणाचा दाब आहे. तेव्हा पंखालगतचा दाब त्याहून खाली उतरलेला असणारच. प्रवाह जिथे वळतो तिथे वळणाच्या आत दाब कमी असतो, हे लिफ्टचं मूळ.

किती कमी? पाठीचा बाक अडीच मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतका धरला आणि वेग सेकंदाला ६० मीटर घेतला, तर पंखालगत दाब दर मीटर उंचीला सुमारे १६०० पास्कलने बदलतो. वर जावं तसे प्रवाह सरळ होत जातात आणि हा दर झपाट्याने घटतो. तरीही पहिल्या अर्ध्या मीटरच्या आसपासच काहीशे पास्कलचा फरक जमा होतो. प्रश्न १ मधल्या ७०० पास्कलशी याची जातकुळी जुळते.

आता वेगाकडे. पुढून येणाऱ्या हवेच्या समोर हा कमी दाबाचा भाग असतो आणि मागे नेहमीचा दाब. त्यामुळे ती पुढे ढकलली जाते आणि तिचा वेग वाढतो. म्हणजे वेग वाढला म्हणून दाब उतरला, असा एकेरी क्रम लावणं चुकीचं आहे. बाकामुळे दाब उतरतो आणि त्या दाबाकडे धावताना हवा वेग घेते. दोन्ही एकाच वेळी घडतं, पण सुरुवात शोधायचीच असेल तर ती वळणात शोधावी.

याचा एक परिणाम पंखाच्या पुढेही दिसतो. कमी दाबाचा प्रभाव पंखाच्या आधीच पोचलेला असतो, म्हणून हवा पुढच्या कडेला यायच्या आतच थोडी वर वळू लागते.

४. म्हणजे शेवटी बर्नोली खरा की न्यूटन?

दोघेही. एकाच घटनेचे हे दोन हिशेब आहेत आणि दोन्ही पूर्ण केले तर उत्तर एकच येतं. 'अर्धी लिफ्ट याची आणि अर्धी त्याची' असं काही नसतं.

न्यूटनच्या बाजूने मोजायचं तर पंख हवा खाली लोटतो का, ते पाहायचं. लोटतो. मागच्या कडेवरून सुटणारी हवा तिरकी खाली जाते. सोप्या प्रतिमानाप्रमाणे ११ मीटर व्यासाच्या वर्तुळातून जाणारी सगळी हवा सारखीच वळते असं धरू. सेकंदाला ६० मीटर वेगाने सेस्ना दर सेकंदाला सुमारे सहा टन हवेला हात घालतो, आणि तिला सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास खालचा वेग दिला की ११५७ किलो तोलले जातात. भरपूर हवेला हलकासा धक्का, असा हा व्यवहार आहे. बर्नोलीच्या बाजूने, म्हणजे एकाच प्रवाहात वेग जास्त तिथे दाब कमी या नियमाने, मोजायचं तर पंखाभोवतीचे वेग शोधून त्यांवरून दाब काढायचे. फक्त ते वेग 'एकाच वेळी पोचण्या'च्या गोष्टीतून काढू नयेत (प्रश्न २).

५. सपाट फळी तिरकी धरली तरी वर उचलली जाते. मग बाक हवाच कशाला?

निरीक्षण अगदी खरं आहे. सपाट फळीलाही लिफ्ट मिळते, कारण तीही हवा खाली वळवते. थर्माकोलची सपाट पंखांची खेळण्यातली विमानं उडतातच. अडचण आहे ती हवा *कशी* वळते यात.

तिरक्या फळीच्या पुढच्या धारदार कडेला हवा खालून येते आणि तिला एकदम मागे वळून फळीच्या पाठीवर यावं लागतं. इतकं तीव्र वळण हवेला घेता येत नाही. ती कडेलाच सुटते, पाठीवर भोवरे फिरू लागतात आणि विमानाला मागे रोखणारा हवेचा अवरोध वाढतो. कोन थोडा वाढवला की लिफ्ट वाढणंच थांबतं. बाकदार पंख हेच वळण पूर्ण रुंदीवर वाटून देतो. पुढची कड गोल असते, त्यामुळे हवा खालून येवो की समोरून, ती न तुटता पाठीवर चढते. तिथून पाठ तिला हळूहळू खाली वळवत नेते.

पाठीचा मागचा उतार याहून नाजूक असतो. पंखावरचा सगळ्यात कमी दाब पुढच्या भागात असतो. तिथून मागच्या कडेपर्यंत जाताना दाब पुन्हा वाढत जातो, म्हणजे हवेला चढत्या दाबाविरुद्ध चालावं लागतं. पंखाला चिकटून चालणारा पातळ थर घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. या थराचा विचार लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडला. दाब फार लवकर वाढला तर हा थर थांबतो, उलटा फिरतो आणि वरच्या सगळ्या प्रवाहाला पंखापासून दूर लोटतो. म्हणून मागचा उतार लांब आणि सौम्य ठेवतात. पंखाची जाडी पुढे आणि निमुळतेपणा मागे असतो, याचं कारण हेच.

बाकाचा आणखी एक फायदा आहे. 'नाका २४१२' मधला पहिला आकडा सांगतो की मध्यरेषेचा बाक पंखाच्या रुंदीच्या २ टक्के आहे, दुसरा सांगतो की तो सर्वांत जास्त ४० टक्के अंतरावर आहे, आणि शेवटचे दोन सांगतात की जाडी १२ टक्के आहे. एवढ्याशा बाकामुळे पंख हवेशी शून्य अंश कोनात असतानाही लिफ्ट देतो. ती शून्य करायची तर त्याला दोन अंश खाली झुकवावं लागतं.

हे सगळं पुस्तकी सिद्धांताआधी मोजमापातून कळलं. जर्मनीत ओटो लिलिएंथाल यांनी बाकदार आणि सपाट पृष्ठभागांची लिफ्ट मोजून १८८९ मध्ये निष्कर्ष छापले. राइट बंधूंनी १९०१ मध्ये स्वतःचा वातबोगदा बांधून दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले.

६. कागदाच्या पट्टीवरून फुंकलं की ती वर उठते. मग वेगवान हवेचा दाब कमी असतो हे सिद्ध झालं ना?

पट्टी उठते हे खरं, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. तोंडातून बाहेर आलेल्या हवेचा दाब खोलीतल्या हवेइतकाच असतो, ती वेगात असली तरीही. बर्नोलीचा नियम एकाच प्रवाहातल्या दोन जागांची तुलना करायला आहे. फुंकर आणि खोलीतली स्तब्ध हवा हे दोन वेगळे प्रवाह आहेत.

शंका असेल तर पट्टी सरळ खाली लोंबू द्या आणि फक्त एका बाजूने तिला समांतर फुंका. 'वेगवान म्हणजे कमी दाब' खरं असतं तर पट्टी फुंकरीकडे वळायला हवी होती. तशी ती वळत नाही. पहिल्या प्रयोगात पट्टी बोटांवरून खाली वाकलेली असते, फुंकर त्या बाकाला धरून वळते आणि वळणाच्या आत दाब उतरतो. म्हणजे हा प्रयोग प्रश्न ३ मधल्या उत्तराचा पुरावा आहे. शिक्षकांना विनंती: दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ करून दाखवा.

७. पाठ बाकदार असल्यामुळे लिफ्ट मिळते, तर विमान उलटं कसं उडतं?

लिफ्ट ठरवण्यात बाकाइतकाच, खरं तर जास्तच, वाटा पंख समोरच्या हवेशी किती कोन करतो याचा असतो. कोन वाढला की हवा जास्त वळते. उलट्या विमानाचा वैमानिक नाक नेहमीपेक्षा वर धरतो. बाक आता चुकीच्या बाजूला असतो, पण कोन त्याची भरपाई करतो.

सेस्नाच्या पंखाचाच हिशेब केला तर सरळ उडताना जिथे साधारण अडीच अंश पुरतात, तिथे उलटं असताना साडेसहाच्या आसपास लागतील. (सेस्ना १७२ ला उलटं उडण्याची परवानगी नाही, हा केवळ पंखाचा हिशेब आहे.) किंमत मोजावी लागते ती अवरोधाची, शिवाय स्टॉल, म्हणजे पाठीवरचा प्रवाह सुटून लिफ्ट घटण्याची वेळ, जवळ येतो. म्हणून कसरतींसाठीच बनवलेल्या बऱ्याच विमानांच्या पंखांचा छेद वरून-खालून सारखा असतो. अशा पंखाला शून्य कोनात लिफ्ट मिळत नाही, पण दोन्ही बाजूंनी तो सारखाच वागतो. गोल कड आणि सौम्य उतार मात्र त्यालाही असतातच.

८. उतरताना वेग कमी होतो, तरी विमान पडत नाही. लिफ्ट कुठून येते?

लिफ्टचं सूत्र असं आहे:

लिफ्ट = ½ × हवेची घनता × वेग² × पंखांचं क्षेत्रफळ × लिफ्ट गुणांक

वेग अर्धा झाला तर त्याचा वर्ग चौथाई होतो, म्हणून शेवटचा गुणांक चौपट व्हावा लागतो. पंखाचा आकार आणि कोन यांचा सगळा परिणाम त्या गुणांकात असतो. ताशी २१६ किलोमीटरला सेस्नाचा गुणांक ०.३५ च्या आसपास असतो. वेग घटवत ताशी ९८ किलोमीटरपर्यंत आणला की तो १.५ च्या वर जातो, आणि तिथे पंखाची मर्यादा येते.

त्यापुढे जायचं तर आकारच बदलावा लागतो. मागच्या कडेचे फ्लॅप खाली सोडले की पंखाचा एकूण बाक वाढतो. सेस्नात पूर्ण फ्लॅप सोडल्यावर हीच मर्यादा ताशी ८९ किलोमीटरपर्यंत खाली येते. मोठ्या प्रवासी विमानात पंखाजवळची खिडकी मिळाली तर उतरताना पाहा: मागून फ्लॅप निघतात, पुढून स्लॅट सरकतात आणि जवळजवळ सपाट वाटणारा पंख ठळकपणे बाकदार होतो.

९. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं का?

नाही, इंजिनाचा यात काही संबंध नाही. कोन एका मर्यादेपलीकडे गेला, सेस्नात साधारण पंधरा-सोळा अंश, की पाठीवरचा प्रवाह प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे सुटतो आणि लिफ्ट घटते. त्याला स्टॉल म्हणतात.

स्टॉल वेगामुळे होतो, असं अनेकांना वाटतं. तो कोनामुळे होतो आणि कुठल्याही वेगाला होऊ शकतो. ६० अंश कलून, उंची न सोडता वळण घेतलं तर पंखाला वजनाच्या दुप्पट लिफ्ट द्यावी लागते. मग सेस्नाचा ९८ चा आकडा सुमारे १३९ होतो. ताशी १२० ला निवांत उडणारा वैमानिक अशा वळणात स्टॉलमध्ये जाऊ शकतो. उपाय कोणत्याही वेगाला एकच: आधी नाक खाली करून कोन कमी करणं. नवशिक्याचा हात घाबरून नाक वर ओढतो आणि कोन आणखी वाढतो, म्हणून हा सराव पुरेशा उंचीवर, शिक्षकासोबत करून घेतात.

स्टॉल जवळ आलाय हे सेस्ना स्वतः सांगतो. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन वाढत गेला की कमी दाबाचा भाग त्या भोकावर येतो, आतली हवा बाहेर खेचली जाते आणि वाटेतली पत्ती पिपाणीसारखी वाजते. त्याला वीज लागत नाही. लिफ्ट देणारा दाबाचा फरकच वैमानिकाला सावध करतो.

१०. लेहला विमानं सकाळीच का जातात? तिथे पंखाला काय अडचण येते?

लेहचा विमानतळ ३२५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्केच असते. प्रश्न ८ मधल्या सूत्रात घनता घटली की वेग वाढवावा लागतो: तेवढ्याच वजनाला सुमारे १८ टक्के जास्त. त्यातच विरळ हवेत इंजिनही कमी जोर देतं, म्हणजे धावपट्टी दोन्हीकडून अपुरी पडू लागते. दुपारी तापमान चढलं की घनता आणखी उतरते आणि वारेही जोर धरतात. मे महिन्यात पुणे किंवा नागपूरच्या दुपारी हाच परिणाम सौम्य प्रमाणात होतो.

११. मोठ्या प्रवासी विमानांच्या पंखाची पाठ तर सपाट दिसते. मग बाकाचा नियम तिथे लागू नाही का?

लागू आहे, पण एक नवी अडचण येते. ही विमानं ध्वनीच्या वेगाच्या ७८ ते ८५ टक्के वेगाने जातात. पाठीवर हवा आणखी वेग घेत असल्यामुळे तिथे ती ध्वनीचा वेग ओलांडते. बाक जास्त असेल तर पाठीच्या मध्यावर तीव्र आघातलाट तयार होते. तिथे दाब एका झटक्यात चढतो, चिकटून चालणारा थर सुटतो आणि अवरोध एकदम वाढतो.

नासाचे रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९६० च्या दशकात यावर उपाय काढला आणि १९७१ मध्ये तो एफ-८ विमानावर प्रत्यक्ष उडवून तपासला गेला. त्यांनी पाठ सपाट केली, म्हणजे हवेचा वेग फार वाढत नाही आणि आघातलाट सौम्य राहते. त्यात गेलेली लिफ्ट पंखाचा मागचा भाग खाली वाकवून परत मिळवली. अशा पंखाची खालची बाजू मागच्या कडेजवळ आत गेलेली दिसते. बाक तिथे सरकला आहे.

१२. पंखावर नुसतं दव गोठलं तर उड्डाण का थांबवतात? त्याचं वजन ते किती!

वजनाचा प्रश्नच नाही. पुढच्या कडेवर आणि पाठीवर सँडपेपरइतका खरखरीत थर बसला तरी लिफ्ट ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि अवरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. खरखरीतपणामुळे चिकटून चालणारा थर लवकर दमतो आणि नेहमीपेक्षा कमी कोनातच सुटतो (प्रश्न ५ आणि ९). वैमानिकाला हे धावपट्टीवर पळताना कळत नाही. नाक वर उचलून कोन वाढवल्यावर कळतं, आणि तेव्हा खाली उंची उरलेली नसते. म्हणून हिवाळ्यात श्रीनगरसारख्या ठिकाणी पंख बर्फ वितळवणाऱ्या द्रवाने धुतात. तोच थर पंखाखाली बसला तर परिणाम बराच कमी असतो, कारण वळणाचं अवघड काम पाठ करत असते.